राजीनामा दिला, पण शेअर्स आणि ठेवी संस्थेतच अडकल्या

पत्र

साहेब, मी राजापूर तालुक्यातला प्राथमिक शिक्षक, ३१ मे रोजी निवृत्त झालो. आमच्या पगारदार पतसंस्थेत माझे शेअर्सचे ६०,००० रुपये, दरमहा पगारातून कापलेली सक्तीची ठेव २,१८,००० आणि एक मुदत ठेव १,५०,००० रुपयांची, तिची मुदत ४ जुलैला संपली. माझं स्वतःचं कर्ज जानेवारीतच फिटलं. १० मार्चला राजीनामा सचिवांच्या हातात दिला. आता ते म्हणतात, तुम्ही दोघांना जामीन आहात, त्यातल्या एकाची मराठवाड्यात बदली झाली नि त्याचे आठ हप्ते थकलेत, तेव्हा काहीच मिळणार नाही. वर म्हणतात, यंदा सव्वीस जण निवृत्त झालेत, शेअर्सचे पैसे नंबर लागेल तेव्हा. घराचं छप्पर काढायचंय, पुढच्या पावसाआधी हातात पैसे हवेत. संस्थेचा अहवाल आणि पावत्या सोबत पाठवतोय. मी काय करू?

उत्तर

गुरुजी, सचिवांनी तुम्हाला जे सांगितलं त्यातलं निम्मं खरं आहे. गोंधळ होतोय तो त्यांनी तिन्ही रकमा एका पोत्यात भरून तोंड बांधल्यामुळे. तुम्हीही पत्रात ‘माझे सव्वाचार लाख’ असाच हिशेब मनात धरलेला दिसतो. आधी पोतं सोडू.

मुदत ठेव म्हणजे तुम्ही संस्थेला दिलेलं कर्ज. त्या बाबतीत तुम्ही धनको आणि संस्था ऋणको. पावतीवर तारीख छापलेली आहे, त्या तारखेला पैसे परत करायचे. त्यासाठी तुम्ही राजीनामा देण्याची गरज नव्हती आणि राजीनामा मंजूर होण्याची वाट बघण्याचीही नाही. सक्तीची ठेव हीसुद्धा ठेवच, फक्त ती सभासद असेपर्यंत काढता येत नाही असं पोटनियमात असतं. म्हणून ती राजीनाम्याला बांधलेली आहे. शेअर्सचे ६०,००० मात्र कर्ज नव्हेत. ते तुमच्या मालकीचा हिस्सा आहेत आणि मालकाला आपला हिस्सा काढून नेताना बाकीच्या मालकांचा विचार करावा लागतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ने त्यावर मर्यादा घातल्यात त्या त्यासाठीच. तेव्हा ‘नंबर लागेल तेव्हा’ हे वाक्य फक्त ६०,००० पुरतं खरं असू शकतं. दीड लाखाला नंबर नाही. दोन लाख अठरा हजारांनाही नाही.

आता मुदत ठेवीपासून सुरुवात करू, कारण छपराची निम्मी सोय तिथेच होण्यासारखी आहे.

तुमच्या पावतीची मुदत ४ जुलैला संपली आणि तुम्ही तोंडी विचारत बसलात. तोंडी विचारण्यात तोटा असा की मुदत संपल्यानंतर पडून राहिलेल्या रकमेवर व्याज किती, हे संस्थेच्या ठेव नियमांवर अवलंबून असतं, आणि काही ठिकाणी ते बचत खात्याच्या दराइतकंच मिळतं. म्हणून पावतीच्या मागे सही करून, झेरॉक्स जोडून, ‘मुदत संपली आहे, रक्कम व्याजासह माझ्या अमुक बँक खात्यावर जमा करावी’ असा दोन ओळींचा अर्ज आजच द्या. त्यात राजीनाम्याचा उल्लेखही करू नका. सचिव म्हणतील, तुम्ही जामीन आहात म्हणून ठेव रोखली. त्यावर काय बोलायचं ते पुढे सांगतो, पण अर्ज मात्र वेगळाच हवा.

जामीनकीबद्दल तुम्हाला गोड बोलून उपयोग नाही. सहकारी संस्थांच्या १९६१ च्या नियमांत नियम २१ आहे. सभासदाने राजीनाम्याची तीन महिन्यांची नोटीस सचिवांना द्यायची असते, आणि त्याने आपलं सगळं देणं फेडल्याशिवाय व इतर कोणा सभासदाला जामीन राहिल्याची जबाबदारी मोकळी केल्याशिवाय संस्थेने राजीनामा मंजूर करायचाच नसतो. स्वतःचं कर्ज फिटलं म्हणून आपण मोकळे, असं मास्तर मंडळींना वाटतं. तसं नाही. जूनच्या सभेत संचालकांनी तुमचा राजीनामा तहकूब ठेवला असेल तर तेवढ्यापुरते ते बरोबर आहेत. ‘आधी त्या कर्जदाराकडे जा, मग माझ्याकडे या’ हे म्हणणंही कायद्यात टिकत नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, संस्था सरळ तुमच्याकडे येऊ शकते. तुम्ही भरलेत तर ते पैसे त्या कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला राहतो, एवढंच.

पण संस्थेचा हात किती लांब जातो, तेही बघा. अधिनियमाच्या कलम ४६ प्रमाणे सभासदाच्या शेअर्सवर आणि ठेवींवर संस्थेचा बोजा असतो, आणि त्यातून येणं वळतं करून घेता येतं. मात्र हे सभासदाकडून येणं असलेल्या कर्जापुरतं. तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून दुसऱ्या कर्जाचा हप्ता ६,५०० चा दिसतो. आठ हप्ते म्हणजे ५२,००० रुपये. पहिल्या सहकाऱ्याचं कर्ज नियमित आहे, तिथे आज तुमच्याकडून काहीच येणं नाही. संस्थेच्या हातात तुमची सक्तीची ठेव आणि शेअर्स मिळून २,७८,००० रुपये आहेतच. ५२,००० च्या थकबाकीसाठी २,७८,००० हातात असताना वर मुदत संपलेले दीड लाखही अडवून ठेवण्याला काय आधार, हा प्रश्न तुम्ही लेखी विचारू शकता. शब्द असे वापरा: ‘माझी मुदत ठेव कोणत्या कलमाने, कोणत्या ठरावाने आणि किती येण्यापोटी रोखली आहे ते कळवावे.’ असं पत्र गेलं की सचिवांना संचालकांपुढे ठेवावंच लागतं आणि तिथे कोणीतरी हिशेब मांडतो. एक धोका आहे. मुदत ठेवीच्या अर्जात किंवा जामीनखतात ‘जामीनकीपोटी ठेव तारण राहील’ असं कलम असेल तर संस्थेची बाजू बळकट होते. जामीनखतावर सही करताना आपण ते वाचलेलं नसतं, म्हणून आता वाचा. नक्कल मागायचा हक्क तुम्हाला आहे. कलम ३२ प्रमाणे सभासदाला पोटनियम, लेखापरीक्षित ताळेबंद आणि आपल्या व्यवहाराच्या नोंदी असलेले दप्तराचे भाग बघता येतात, आणि लेखी मागणी करून फी भरली की संस्थेने एका महिन्यात नक्कल द्यायची असते.

जामीनकी सोडवायची कशी, यात लोक नेहमी एक चूक करतात. ते स्वतःच अर्ज देतात, ‘मला जामीनकीतून मुक्त करा.’ तो अर्ज फाईलला लागतो आणि तिथेच राहतो. जामीन बदलाचा अर्ज कर्जदाराने द्यायचा असतो. त्याने नवा सभासद जामीन म्हणून उभा करायचा, त्या नव्या माणसाची पगाराची पात्रता संस्थेने तपासायची, नवं जामीनखत व्हायचं आणि संचालकांनी ठराव करायचा. तो ठराव होईपर्यंत तुम्ही सुटत नाही. पहिल्या सहकाऱ्याच्या बाबतीत हे आठ दिवसांचं काम आहे. तो तुमच्याच केंद्रातला आहे, शनिवारी शाळा सुटल्यावर त्याला घेऊन संस्थेत बसा, नव्या जामीनदारालाही बरोबर घ्या. चहाचे पैसे तुम्ही द्या.

मराठवाड्यात गेलेल्या माणसाचं वेगळं आहे. त्याचे हप्ते बुडवण्याची त्याची इच्छा होती असं मला वाटत नाही. आंतरजिल्हा बदलीत नेहमी असंच होतं. इथल्या पगार बिलातून कपात बंद झाली, नव्या पंचायत समितीच्या बिलात ती कोणी टाकली नाही, आणि माणूस म्हणतो ‘कापत नाहीत तर मी काय करू’. कलम ४९ प्रमाणे कर्ज घेताना त्याने पगारातून कपात करण्याची संमती लिहून दिलेली असते, आणि त्या आधारे संस्थेने नव्या कार्यालयाला मागणीपत्र पाठवायचं असतं. इथल्या संस्थेने ते पाठवलं का, हे सचिवांना विचारा. पाठवलं असेल तर जावक क्रमांक मागा. पाठवलं नसेल तर आठ हप्ते थकण्यात संस्थेचाही आळस आहे आणि तसं पत्रात लिहायला हरकत नाही. कर्जदाराला स्वतः फोन करा, पण भांडू नका. त्याला तुमच्यापेक्षा नवा जामीन शोधणं कठीण आहे, तो परक्या जिल्ह्यात आहे आणि इथल्या संस्थेचे सभासद तिथे भेटणार नाहीत. त्याच्याकडून दोन गोष्टी मिळाल्या तरी पुष्कळ: थकलेले ५२,००० दोन-तीन टप्प्यांत भरणं, आणि उरलेल्या काळासाठी त्याचा एखादा नातेवाईक किंवा जुना सोबती, जो अजून इथे नोकरीत आहे, तो जामीन म्हणून. त्याला काहीच जमत नसेल तर शेवटचा मार्ग असा की तुम्ही संचालकांपुढे प्रस्ताव ठेवा: सक्तीच्या ठेवीतून ५२,००० वळते करून घ्या आणि कर्ज नियमित करा, मग नव्या जामीनदाराचा ठराव करा. हा मार्ग कडू आहे, मला माहीत आहे. पण पुढच्या पावसाची तारीख मला पुढे ढकलता येत नाही.

आणखी एक, पोटनियम हातात आले की सभासदत्वाचं कलम काढून बघा. पगारदारांच्या संस्थांत ‘नोकरी संपली की सभासदत्व संपतं’ अशी तरतूद असू शकते. तसं असेल तर तुमचं सभासदत्व राजीनाम्याच्या मंजुरीवर लटकत नाही, ३१ मे हीच तारीख धरायची. जामीनकी मात्र त्यानेही सुटत नाही, हे लक्षात असू द्या.

आता शेअर्स. इथे तुम्हाला अहवालाची मदत होते. तुम्ही पाठवलेल्या अहवालात ३१ मार्च अखेर वसूल भागभांडवल १ कोटी ८० लाख आहे. कलम २९ प्रमाणे, सभासदत्व सोडणाऱ्यांचे शेअर्स परत घेण्यासाठी संस्थेने एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त किती रक्कम द्यायची, तर मागच्या ३१ मार्चच्या वसूल भागभांडवलाच्या दहा टक्के. म्हणजे तुमच्या संस्थेत यंदा १८ लाख. सव्वीस जण निवृत्त झाले आणि प्रत्येकाचे सरासरी ६०,००० धरले तर १५ लाख ६० हजार होतात. राहिले २ लाख ४० हजार, म्हणजे आणखी चार जणांपुरते. सव्वीसात तुम्ही धरलेले असाल तर तुमचा नंबर यंदाच लागायला हवा. सव्वीस जण तुमच्याशिवायचे असले तरी तुम्ही सत्ताविसावे. गोम ही आहे की वर्षात नोकरी सोडून गेलेले, बदलीवर गेलेले आणि मयत सभासदांचे वारस यांचेही पैसे याच १८ लाखांतून जातात. म्हणून ‘यंदा आजवर किती शेअर रक्कम परत केली’ हा आकडा लेखी मागा. ‘मर्यादा संपली’ असं तोंडी सांगून संस्था मोकळी होते, आकडा मागितला की कितीदा तरी मर्यादा संपलेली नसते.

सव्वीस जण एकदम का, हे शाळेच्या बाहेरच्या वाचकाला कळणार नाही. आमच्या पिढीत पोराला शाळेत घालताना जन्मतारीख आठवत नसली की हेडमास्तर १ जून ठोकून द्यायचे. ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून अठ्ठावन्न भरले की ३१ मेला शिक्षकांची रांगच लागते. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू, रांग जूनमध्ये, त्यामुळे दहा टक्क्यांचा मोठा भाग पावसाळ्याच्या तोंडावरच खपतो. पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्या कोणी हे वाचत असेल तर त्यांनी नोटीस फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत दिलेली बरी. तीन महिने ३१ मेला पुरे होतात आणि जूनच्या सभेत राजीनामा मंजूर होऊ शकतो.

तुमच्या बाबतीत उशीर झालाच आहे, पण त्याचा एक फायदा आहे. नियम २१ प्रमाणेच राजीनामा मंजूर झाल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत शेअर रक्कम परत करायची असते, अर्थात दहा टक्क्यांची मर्यादा आणि पोटनियम सांभाळून. समजा जामीनकी सोडवून ऑक्टोबरच्या सभेत तुमचा राजीनामा मंजूर झाला. सहा महिने एप्रिलमध्ये भरतात. यंदाच्या १८ लाखांत जागा असेल तर आधी मिळतील, नसेल तर १ एप्रिलला नव्या वर्षाची नवी मर्यादा उघडते आणि तेव्हा ३१ मेची पुढची रांग अजून आलेली नसते. म्हणून ऑक्टोबरची सभा चुकवू नका. ‘वार्षिक सभेनंतर बघू’ हे सचिवांचं वाक्य इथे निरर्थक आहे. राजीनामा मंजूर करणं हे संचालक मंडळाचं काम आहे, सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेचं नव्हे.

किंमत किती मिळणार? ६०,००० पेक्षा जास्त नाही, हे पक्कं. संस्थेचा राखीव निधी कितीही फुगलेला असो, त्यातला हिस्सा सोडून जाणाऱ्याला मिळत नाही. नियम २३ सांगतो की मर्यादित जबाबदारीच्या संस्थेत शेअरची किंमत सभासदत्व संपण्याआधीच्या शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदावरून काढायची, आणि ती प्रत्यक्ष भरलेल्या रकमेहून जास्त असू नये. कमी मात्र होऊ शकते. संचित तोटा राखीव निधी खाऊन वर ३६ लाखांनी भागभांडवलात घुसला असता, तर १ कोटी ८० लाखांचे खऱ्या अर्थाने १ कोटी ४४ लाखच उरले असते, म्हणजे रुपयाला ऐंशी पैसे, आणि तुम्हाला ६०,००० च्या जागी ४८,००० मिळाले असते. तुमच्या संस्थेच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला ‘संचित तोटा’ ही ओळ मला दिसली नाही, नफा आहे, तेव्हा पूर्ण ६०,००० मागा. लेखापरीक्षकाने थकीत कर्जांबद्दल काय शेरे मारलेत ते पान मात्र तुम्ही पाठवलेलं नाही. थकबाकीपोटी पुरेशी तरतूद केलेली नसेल तर आजचा नफा पुढच्या वर्षी तोटा होऊ शकतो, आणि ज्याचा राजीनामा लांबतो त्याला पुढचा ताळेबंद लागू होतो.

रांगेत थांबायचंच नसेल तर आणखी एक वाट आहे, आणि ती फार कमी लोक वापरतात. शेअर संस्थेला परत न देता दुसऱ्या सभासदाच्या नावे करता येतात. अट अशी की तुम्ही ते किमान एक वर्ष धारण केलेले हवेत, घेणारा सभासद हवा किंवा त्याचा सभासदत्वाचा अर्ज मंजूर झालेला हवा, आणि संचालकांची मान्यता हवी. यात संस्थेच्या तिजोरीतून पैसा जात नाही, म्हणून दहा टक्क्यांची मर्यादा आडवी येत नाही. मोठं कर्ज काढणाऱ्या तरुण शिक्षकाला कर्जाच्या प्रमाणात शेअर्स घ्यावेच लागतात. तो संस्थेकडून नवे घेण्याऐवजी तुमचे घेईल, पैसे तुम्हाला मिळतील. शाळेत विचारून बघा.

मार्चमधल्या राजीनाम्याची पोच तुमच्याकडे आहे का? पत्रात तुम्ही ‘हातात दिला’ असं लिहिलंय. माझ्या चुलत्यांनी असाच एका संस्थेच्या सचिवांच्या हातात राजीनामा दिला होता, चहा पिता पिता. सचिव बदलले, नव्यांनी दप्तर पाहिलं तर राजीनाम्याची नोंदच नव्हती. तीन महिन्यांची नोटीस नव्याने सुरू झाली आणि त्याच दरम्यान ३१ मार्च उलटून गेला. तेव्हा पोच नसेल तर नवा अर्ज द्या, जुन्याचा संदर्भ घालून. आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का तुमच्या प्रतीवर घ्या. शिक्का द्यायला कां-कू केली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोचल्याची नोंद जपून ठेवा. मजकूर असा ठेवा:

‘मा. सचिव यांस. मी दि. १० मार्च रोजी सभासदत्वाचा राजीनामा दिला असून नोटिशीची मुदत पूर्ण झाली आहे. माझ्याकडे स्वतःचे कर्ज नाही. जामीनकीबाबतची कागदपत्रे सोबत जोडली आहेत. कृपया राजीनामा येत्या संचालक सभेपुढे ठेवून ठरावाची प्रत द्यावी. राजीनामा मंजूर होताच (१) सक्तीची ठेव रु. २,१८,००० त्या तारखेपर्यंतच्या व्याजासह, व (२) शेअर रक्कम रु. ६०,००० नियम २१ व २३ नुसार परत करावी. चालू आर्थिक वर्षात आजवर परत केलेली एकूण शेअर रक्कम कळवावी. शेअर रक्कम देण्यास विलंब होणार असला तरी ठेवीची रक्कम त्यासाठी थांबवू नये. मागील आर्थिक वर्षाचा लाभांश माझ्या पुढील बँक खात्यावर जमा करावा.’

शेवटची ओळ मुद्दाम घातली आहे. ३१ मार्चपर्यंत तुम्ही सभासद होतात, म्हणजे सप्टेंबरच्या सभेत जाहीर होणारा त्या वर्षाचा लाभांश तुमचा आहे. सोडून गेलेल्याचा लाभांश पाठवायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. आणि पासबुकात ‘कल्याण निधी’ किंवा ‘मयत निधी’ म्हणून जी दरमहा कपात दिसते, ती ठेव समजून बेरीज करू नका. ती वर्गणी असते, सहसा परत मिळत नाही, आणि तुमच्या दोन लाख अठरा हजारांत ती मिसळलेली आहे का ते मी पासबुकाच्या झेरॉक्सवरून नक्की सांगू शकत नाही. २०१४ पासूनची पानं पुन्हा जुळवून बघा.

शेअर सर्टिफिकेट अर्जाबरोबर द्यावं लागेल. ते वाळवीने खाल्लं असेल किंवा ट्रंकेत बुरशी लागून अक्षरं पुसली असतील, कोकणात हे घरोघरी होतं, तर घाबरू नका. हमीपत्र दिलं की संस्था दुसरी प्रत देते किंवा तशीच रक्कम देते. सभासद नोंदवहीत तुमचं नाव आणि रक्कम आहे, हक्क त्या नोंदीतून येतो, कागदातून नाही.

एवढं करूनही उत्तर आलं नाही तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार करा. ते संस्थेला पत्र लिहून विचारतात आणि बऱ्याच संस्था तेवढ्याने हलतात. पण पैशाचा वाद निबंधक निकाली काढत नाहीत, हे माहीत असू द्या. शेअर रकमेचा वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. ठेवींसाठी मात्र ग्राहक आयोगाचीही वाट मोकळी आहे. संस्थेचा सभासद असला तरी तो ग्राहक म्हणून तक्रार करू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये एका सहकारी पतसंस्थेच्याच प्रकरणात सांगितलं आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते. मुदत दोन वर्षांची. म्हणूनही मुदत ठेवीचा अर्ज वेगळा द्या म्हटलं: एका कागदावर तिन्ही रकमा मागितल्यात तर संस्था शेअर्सचा वाद पुढे करून ठेवीचाही वेळ खाते.

छपराचा हिशेब मांडायचा तर दीड लाख गणपतीच्या आसपास सुटतील असं धरा, सक्तीची ठेव जामीनकी सुटून राजीनामा मंजूर झाल्यावर, आणि शेअर्स एप्रिलपर्यंत. कारागिराला बयाणा देताना ६०,००० या हिशेबात धरू नका.

आणि हो, तुम्ही मुदत ठेवीची मूळ पावतीच मला पाठवलीत. ती या पत्राबरोबर परत पाठवतोय. मिळाल्यावर तिच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढा, आणि संस्थेत मूळ पावती जमा करताना तिचा क्रमांक लिहिलेली पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.